ज्येष्ठांस निरोप

(तृतीय वर्ष बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी आयोजित केलेल्या निरोप समारंभात द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या वतीने एका विद्यार्थिनीने केलेले भाषण)





द्वितीय वर्षाच्या वतीने चार शब्द बोलण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. वर्गात यासाठी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. माझे नाव निघाले तेव्हा बाकीच्यांनी इतक्या मनापासून टाळ्या वाजवल्या की, हा माझा सन्मान आहे की त्यांची सुटका, हे मला अजून उमगलेले नाही. वडे गरम आहेत तोवर भाषण संपावे अशी सूचनाही मला मिळाली आहे. ती मी पाळणार आहे.

निरोपाच्या भाषणात ज्येष्ठांच्या गुणांची यादी वाचायची पद्धत आहे. परंतु आमचे असे ठरले की यादी वाचू नये. या लोकांनी आम्हाला नेमके काय दिले, त्यातल्या दोनच गोष्टी नीट सांगाव्यात. एक गोष्ट प्रयोगशाळेतली आहे आणि दुसरी एस.टी.च्या थांब्यावरची.

प्रथम प्रयोगशाळा. आम्ही प्रथम वर्षाला आलो तेव्हा बारावीपर्यंत ब्युरेट हातात धरली होती खरी, पण ती बहुतेक वेळा चार-पाच जणांत एक अशी. इथे प्रत्येकाला स्वतःची ब्युरेट मिळाली आणि जबाबदारीही स्वतःचीच झाली. प्रयोग साधा होता. पिपेटने दहा मिलिलिटर आम्ल चंबूत घ्यायचे, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून अल्कली सोडत जायचे. रंग आला की थांबायचे.

त्या दिवशी आमच्या बाकावर पहिले वाचन १०.६ आले, दुसरे ९.९ आणि तिसरेही ९.९. आता काय करावे? कोणी म्हणाले, तिन्हींची सरासरी काढू. कोणी म्हणाले, पहिल्या आकड्याच्या जागी ९.९ लिहून मोकळे होऊ, तिन्ही सारखे दिसतील. शेजारच्या बाकावर तृतीय वर्षाचे एक भाई आपल्या प्रयोगाची मांडणी करीत होते. ते आले. आकड्यांकडे त्यांनी पाहिलेच नाही. ब्युरेटची तोटी बोटाने दाखवून त्यांनी विचारले, “सुरुवात करण्यापूर्वी इथे हवेचा बुडबुडा होता का?”

होता. तोटीच्या खालच्या टोकाला बारीकसा बुडबुडा अडकला होता आणि पहिल्याच वेळी द्रव सोडताना तो निघून गेला होता. भाईंनी मग शांतपणे समजावून सांगितले. बुडबुडा निघाला की त्याची जागा द्रव घेतो. ब्युरेटमधली पातळी तेवढी खाली उतरते, पण तेवढा द्रव चंबूत पडलेला नसतो. म्हणून वाचन खऱ्यापेक्षा जास्त येते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी बुडबुडा नव्हताच, म्हणून ती दोन्ही वाचने जुळली.

त्यानंतर ते जे बोलले ते आमच्यापैकी पुष्कळांनी जर्नलच्या आतल्या पानावर लिहून ठेवले आहे. ते म्हणाले, “१०.६ हा आकडा खोडायचा नाही आणि बदलायचाही नाही. तो तसाच राहू द्या, त्याच्यापुढे कारण लिहा आणि चौथे वाचन घ्या. आकडा गैरसोयीचा आहे म्हणून टाकता येत नाही. कारण ठाऊक असेल तरच टाकता येतो.” आम्ही चौथे वाचन घेतले. तेही ९.९ आले. त्या दिवशी आम्हाला झालेला आनंद फक्त प्रयोग जुळल्याचा नव्हता. खरे लिहूनही प्रयोग जुळतो, याचा तो होता.

त्याच दुपारी त्यांनी आणखी काही बारीक गोष्टी दाखवल्या. ब्युरेट भरून झाली की वरचे नरसाळे काढून ठेवावे, नाहीतर त्यातला एखादा थेंब मागाहून आत पडतो. पातळी डोळ्यांच्या उंचीवर आणून खालच्या वळणाशी वाचावी. पिपेटच्या टोकाशी उरलेला थेंब फुंकून पाडू नये, कारण तो तिथे राहणार हे गृहीत धरूनच पिपेटवर खूण केलेली असते. आणि रंगाविषयी म्हणाल, तर गडद गुलाबी आला म्हणजे आपण पुढे निघून गेलो असे समजावे. जेमतेम दिसेल असा फिकट गुलाबी आला, आणि चंबू हलवूनही तो अर्धा मिनिट टिकला, की तिथे थांबावे. पुढे थोड्या वेळाने तो फिका पडला तरी घाबरून आणखी थेंब टाकू नये. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, म्हणून तो रंग जातो.

या गोष्टी पुस्तकात नाहीत असे नाही. आमच्या सरांनी आणि मॅडमनीही त्या सांगितल्या होत्याच. परंतु वीस-बावीस जणांच्या बॅचमध्ये प्रत्येकाच्या तोटीपाशी सर कसे पोहोचणार? तिथे तृतीय वर्षाचे हे लोक पोहोचले. त्यांनी आपला प्रयोग सोडून आमचा पाहिला, आणि ज्याच्या बाकावर गेले त्याला कधी लाजवले नाही.

आता दुसरी गोष्ट. ती ज्या मुलीची आहे ती आज याच सभागृहात बसली आहे आणि तिच्या परवानगीनेच मी सांगत आहे.

प्रथम वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात तिचे कॉलेज सुटायची वेळ आली होती. अभ्यासात ती मागे नव्हती आणि फीचाही प्रश्न नव्हता. अडचण होती ती मंगळवारची. मंगळवारी तिच्या बॅचचे प्रॅक्टिकल पाच वाजता संपत असे. काचसामान धुऊन, जागेवर लावून बाहेर पडेपर्यंत सव्वापाच होत. तिच्या गावाची गाडी पाच दहाला निघून गेलेली असे आणि त्यानंतरची थेट साडेसातला. थांब्यापासून घर आणखी पंधरा मिनिटांच्या वाटेवर. थंडीच्या दिवसांत सहा-साडेसहाला अंधार पडतो. वडील आखातात नोकरीला, घरी अम्मी आणि चाचा. चाचांनी स्पष्ट सांगितले, शिकवण्याला आमचा विरोध नाही, पण रात्री साडेआठला मुलगी एकटी घरी येते हे आम्हाला चालणार नाही.

या म्हणण्यात गैर काय होते? काहीच नाही. आमच्या ज्येष्ठ आपांचे आणि ताईंचे मोठेपण हे की त्यांनीही त्यात गैर मानले नाही. एका रविवारी त्या तिघी तिच्या घरी गेल्या. शिक्षणाच्या महत्त्वावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी एक कागद पुढे ठेवला. त्यावर एस.टी.च्या वेळा होत्या आणि प्रॅक्टिकलच्या चारही बॅचेसच्या वेळा होत्या. गुरुवारची बॅच सकाळची होती. त्या बॅचमधल्या एका मुलाला मंगळवार चालत होता, कारण तो गावातच राहतो. दोघांनी बॅच बदलून घेण्याचा अर्ज विभागप्रमुखांकडे द्यायचा, एवढेच करायचे होते. अर्ज त्यांनी लिहूनच आणला होता, फक्त सह्या बाकी होत्या.

चाचांनी कागद दोनदा वाचला आणि विचारले, “जर्नल तपासणीच्या आणि परीक्षेच्या दिवसांत उशीर होईल, त्याचे काय?” त्याचेही उत्तर कागदाच्या मागच्या बाजूला होते. साडेसातच्या गाडीने जाणाऱ्या मुलींची नावे, कोण कोणत्या थांब्यावर उतरते, आणि शेवटच्या थांब्यावर कोणाच्या घरचे कोण घ्यायला येते, त्यांचा फोन नंबर. त्या गाडीला कोणीही मुलगी एकटी नव्हती. फक्त त्यांची एकमेकींना माहिती नव्हती, ती या कागदाने झाली.

अम्मींनी चहा आणला. चाचांनी सही केली. पण त्या निघताना त्यांनी एक प्रश्न विचारला. “तुम्ही दोन वर्षांनी निघून जाल. तुमच्यानंतर कोण?”

ती मुलगी आज द्वितीय वर्षात आहे आणि गेल्या दोन वर्षांत जर्नल वेळेवर पूर्ण करणाऱ्यांत ती आहे. पण चाचांचा तो प्रश्न आपांनी त्या दिवशी उत्तर न देता सोबत आणला आणि गेल्या आठवड्यात आम्हाला सांगितला. म्हणून आजच्या समारंभात आम्ही तुम्हाला भेट म्हणून जे पेन देत आहोत, त्यापेक्षा आम्हाला हे उत्तर अधिक महत्त्वाचे वाटते.

आपा, तुमचा कागद आमच्याकडे आहे. द्वितीय वर्षातल्या तिघींनी आणि दोन भाईंनी तो चालवायला घेतला आहे. एस.टी.च्या वेळा बदलतात, म्हणून जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, असे वर्षातून दोनदा आम्ही थांब्यावर जाऊन वेळा तपासू. प्रथम वर्षाचे वेळापत्रक लागले की त्याच आठवड्यात, बॅचेस कायम होण्यापूर्वी, कोणाला कोणती गाडी आहे हे विचारू. एकदा बॅच ठरली की बदलायला अर्ज लागतो, आधी विचारले तर नुसते सांगून भागते, हे आम्ही तुमच्याच अनुभवावरून शिकलो. फोन नंबर ज्यांच्या घरचे आहेत त्यांना विचारूनच लिहू आणि यादी फक्त त्या गाडीच्या मुलींकडे राहील. आणि पुढच्या वर्षी आम्ही तुमच्या जागी बसू, तेव्हा हा कागद कोणाच्या हाती दिला ते त्यांच्या नावानिशी सांगू.

एक विनंती मात्र आहे. परीक्षा संपली की घरी जाण्याच्या घाईत पुस्तके रद्दीत जाऊ देऊ नका. ती विभागाच्या कपाटात ठेवा आणि पहिल्या पानावर ती कोणत्या अभ्यासक्रमाची आहेत ते लिहा, म्हणजे अभ्यासक्रम बदलला तर मागाहून येणाऱ्याची फसगत होणार नाही. समासात पेन्सिलीने लिहिलेल्या तुमच्या टिपा खोडू नका. किंमत पुस्तकाची असते, पण आम्ही वाचतो ते समास.

भाई, आपा, दादा, ताई, तुमची परीक्षा जवळ आली आहे. प्रॅक्टिकलच्या दिवशी तोटीतला बुडबुडा पाहायला विसरू नका, असे तुम्हालाच सांगण्याचे धाडस आज एक दिवस आम्हाला माफ असावे. निकाल लागेल त्या दिवशी गुणपत्रिका घ्यायला याल तेव्हा प्रयोगशाळेत डोकावून जा. आमच्या दुआ आणि शुभेच्छा तुमच्याबरोबर आहेत.

वडे अजून गरम आहेत.