धानाचा भाव कोण ठरवतो?



समाजशास्त्राच्या सिद्धान्ताच्या पेपरात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लिहिलं असेल की बाजार समाजात रुजलेला असतो. कार्ल पोलान्यीचं १९४४चं ‘द ग्रेट ट्रान्सफॉर्मेशन’ आणि मार्क ग्रॅनोवेटरचा १९८५चा लेख, ही दोन नावं एकाच दमात लिहून उत्तर पूर्ण होतं. मला ते तिथं अपुरं वाटतं, कारण ही दोन माणसं एकच गोष्ट सांगत नाहीत. ते दाखवण्यासाठी मी एक संवाद रचून आणला आहे. अश्विनी आणि मयूर हे दोघे काल्पनिक आहेत. त्यांच्यासमोरचं धान मात्र आपल्याच जिल्ह्यातलं आहे. २०२४-२५च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. त्याखालचे व्यापाऱ्याचे आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत.

मयूर म्हणतो, “लाखांदूरचा एखादा शेतकरी घे. मळणी झाली, वीस क्विंटल धान हाती आलं. व्यापारी दारात येतो, १,९०० रुपये देतो, काटा करून रोख मोजतो. देणारा आणि घेणारा दोघेही राजी. यात समाज कुठं आला?”

“आधारभूत केंद्रावर २,३०० मिळत असताना तो १,९००ला राजी का झाला, तिथं आला,” अश्विनी म्हणते. “वीस क्विंटलवर आठ हजारांचं नुकसान आहे.”

“नुकसान नाही, हिशेब आहे. आधारभूत केंद्रावर सतरा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. याच्या धानात वीस टक्के आहे. सतरावर यायला वीस क्विंटलमधले बहात्तर किलो उडतात, म्हणजे साडेसोळाशे रुपये गेले. वाळवणं, भरणं, केंद्रापर्यंतचं भाडं यांचे तेराशे-चौदाशे धर. आठ हजारांचे पाच हजार उरले. त्यात वर चुकारा कधी जमा होईल याची खात्री नाही. व्यापारी आज देतो, म्हणून कमी देतो. थांबण्याची किंमत आहे ती.”

मयूरची ही मांडणी पक्की आहे. सिद्धान्ताच्या वर्गात बाजारवाद्याला लोभी ठरवून पुढं जाण्याची सवय असते. इथं तसं करता येत नाही, कारण आठ हजारांतले तीन हजार त्याने समाजाचं नावही न घेता समजावून दिले आहेत.

अश्विनी उरलेल्या पाच हजारांवर बोट ठेवते. “दोन महिने थांबायचं म्हणू. अडतीस हजारांवर दोन महिन्यांचे पाच हजार म्हणजे महिन्याला शेकडा साडेसहा. एवढ्या दराने कोणती बँक कर्ज देते? ज्याच्या घरात पगार येतो तो थांबतो. ज्याने पेरणीच्या वेळी याच व्यापाऱ्याकडून खताचे पैसे उचलले, तो थांबू शकत नाही. व्यापारी धान घेतोय आणि त्याच काट्यावर उसनवारीही वसूल करतोय.”

“मग ती पतपुरवठ्याची अडचण झाली. पीककर्ज वेळेवर मिळालं तर सुटेल. प्रत्येक अडचणीला समाज म्हटलंस तर त्या शब्दाने काहीच सांगितलं जात नाही. शिवाय बारीक धानाचं काय? केंद्रावर दोनच प्रती आहेत, साधारण आणि ‘अ’. एचएमटी चांगलं निघालं तर ते केंद्रावर जातच नाही, खुल्या बाजारात हमीभावापेक्षा वर विकलं जातं. सरकारी भावाला न दिसणारी चव बाजाराला दिसते.”

अश्विनी हे मान्य करते, आणि मलाही ते मान्य करावं लागतं. धानाची गुणवत्ता ओळखण्यात खुला बाजार हमीभावापेक्षा तरबेज आहे. ज्या दादाजी खोब्रागडेंनी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावी एचएमटी हे वाण निवडून काढलं, त्यांच्या हाती मात्र त्या वाणाच्या कमाईतलं फारसं काही आलं नाही. बियाण्यावर हक्क कोणाचा, हे बाजाराबाहेर ठरत होतं.

पण अश्विनी त्या वाटेने जात नाही. ती सातबारा काढते. “केंद्रावर विकायचं तर नोंदणी लागते. नोंदणीला सातबारा, ई-पीक पाहणी, बँकखातं. आता ठेक्याने जमीन कसणारा माणूस घे. रोवणी त्याची, कापणी त्याची, पुंजणं त्याचं. सातबारा मालकाचा. मालकाने संमती दिली नाही तर २,३०० हा भाव त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही. त्याला पीककर्जही मिळत नाही, म्हणजे तुझा उपायही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आणि त्याचं धान १,९००ला घेणारा व्यापारी तेच धान दुसऱ्या कुणाच्या सातबाऱ्यावर केंद्रावर घालू शकतो. धान तेच, काटा तोच. फरक कागदाचा आणि ओळखीचा.”

मयूर थोडा थांबतो आणि नेमका प्रश्न विचारतो. “ठीक आहे. तू चुकीची ठरशील असं काय दिसायला हवं?”

“एकाच गावात, एकाच दिवशी, एकाच ओलाव्याचं धान एकाच व्यापाऱ्याने दोघांकडून घेतलं, एक त्याचा कर्जदार, दुसरा मोकळा. दोघांना एकच भाव मिळाला, उसने पैसे बिनव्याजी दिलेले निघाले, तर नात्यांनी भाव बदलतो हे माझं म्हणणं पडलं.”

“मग बाजार समाजात रुजलेला असतो हेही पडलं?”

“नाही. ग्रॅनोवेटर पडला. पोलान्यी उभा आहे.”

माझ्या मते तुमच्या अभ्यासक्रमात या उत्तरावर एक स्वतंत्र तास हवा होता. ग्रॅनोवेटर प्रत्यक्ष व्यवहारातल्या ओळखींबद्दल बोलतो: कोण कुणावर विश्वास ठेवतो, कोण कुणाला बांधलेला आहे. हे गावागणिक तपासता येतं, आणि एखाद्या गावात ते खोटंही निघू शकतं. पोलान्यीचा दावा त्याच्या खालच्या थरावर आहे. जमीन ही विकण्यासाठी तयार केलेली वस्तू नाही, श्रमही नाही, पैसाही नाही. त्यांना वस्तू मानायचं तर आधी कायदा, नोंदवही आणि सत्ता लागते. इंग्लंडमध्ये १८३४च्या गरीब कायद्याने मजुरांचा बाजार उभा केला, हे त्याचं गाजलेलं उदाहरण. आपल्याकडे सातबारा तेच काम करतो. दोन्ही शेतकऱ्यांना सारखा भाव मिळाला तरी त्या भावामागे जमिनीची नोंद, बाजार समितीचा कायदा आणि दिल्लीत ठरलेला हमीभाव असतोच.

म्हणूनच पोलान्यीचा दावा खोडणं कठीण आहे, आणि मयूरचा आक्षेप तिथंच चिकटतो. जे कधीच खोटं ठरू शकत नाही, त्याचा उपयोग किती? माझं उत्तर असं: त्या दाव्याने लाखांदूरचा आजचा भाव सांगता येत नाही. नियम बदलला की कुणाचा भाव बदलेल, एवढं सांगता येतं. ठेक्याने कसणाऱ्याच्या नावाने पीकनोंद सुरू झाली तर १,९०० आणि २,३०० यांतलं अंतर त्याच्यासाठी घटलं पाहिजे, आणि सातबारा असलेल्या शेजाऱ्यासाठी जवळपास तेवढंच राहिलं पाहिजे. तसं झालं नाही, तर पोलान्यीलाही प्रश्न विचारावा लागेल.

अश्विनीलाही एक गोष्ट सांगायला हवी. बाजार समाजात रुजलेला आहे म्हणजे तो मायाळू आहे, असं नाही. ज्या ओळखीमुळे अडल्या वेळी खताचे पैसे मिळतात, त्याच ओळखीमुळे मळणीनंतर दुसऱ्या व्यापाऱ्याला बोलावता येत नाही. ठेक्याची जमीन कुणाला मिळते आणि कुणाला नाही, यात जातही असते. मयूरचा अनोळखी, रोख मोजणारा व्यापारी एखाद्याला त्या बंधनातून मोकळाही करतो.

हा वाद पुढं न्यायचा असेल तर येत्या दिवाळीनंतर काट्याजवळ बसा. प्रत्येक व्यवहाराची तारीख, वाण, ओलावा, भाव, पैसे रोख की उधारीत वळते, सातबारा कुणाच्या नावावर आणि व्यापाऱ्याशी जुना व्यवहार किती वर्षांचा, हे लिहून घ्या. ओलावा लिहायला विसरू नका. तो नसेल तर मयूरचे तीन हजार आणि अश्विनीचे पाच हजार वेगळे करता येणार नाहीत.