दोन वेळापत्रकं: जून ते मे
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



स्नेहसंमेलनात अहवालवाचन असतं. जूनपासून आजपर्यंत शाळेत काय काय झालं, ते महिन्यामहिन्याने वाचलं जातं. आज तो अहवाल आपण ऐकलाच. मला सांगितलं गेलं की, "तूही वर्षाबद्दलच बोल." म्हणून मी त्याच बारा महिन्यांतून पुन्हा एकदा जाणार आहे. फक्त शाळेच्या वर्षाशेजारी मी आपल्या गावाचं एक जुनं वर्ष ठेवणार आहे, ते म्हणजे मिठागराचं वर्ष. भाईंदर पश्चिमेला मुर्धा, राई, मोर्वा या बाजूला आणि रेल्वेच्या दोन्ही अंगांना आम्ही शाळेत होतो तेव्हा मिठाचे पांढरे ढीग दिसायचे. आमच्या वर्गात मिठागरावर काम करणाऱ्या घरांतली मुलं होती. त्यातलीच एक, माझ्या बाकावरची, आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी घेऊनच बोलते आहे.

जून. शाळेची घंटा वाजते, नव्या वह्यांना खाकी कव्हरं चढतात. त्याच आठवड्यांत मिठागराला मात्र सुट्टी लागते. पावसाचं पाणी कप्प्यांत भरतं आणि बांध पाण्याखाली जातात. उत्तनच्या होड्याही किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, कारण सध्याच्या नियमाने १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. म्हणजे आपली सुरुवात होते तेव्हा गावातले हे दोन्ही धंदे थांबलेले असतात.

जुलै. गुरुपौर्णिमा, पहिली घटक चाचणी आणि पाऊस. मुलांनो, भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ती सर्वांत मोठी असते, तिला आपल्याकडे उधाण म्हणतात. उधाणाच्या वेळी मोठा पाऊस आला, तर नाल्याचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही, कारण खाडीच नाल्यापेक्षा उंच झालेली असते. मग ते पाणी सखल जागा शोधतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस इथल्या सगळ्या मोठ्यांना आठवत असेल. मिठागर म्हणजे मैलभर पसरलेली उथळ परात. पावसाळ्यात ती रिकामी पडलेली असते, असं वरून वाटतं, पण तेव्हा ती पाणी धरून ठेवण्याचं काम करत असते.

ऑगस्ट. १५ ऑगस्टचं झेंडावंदन, नारळी पौर्णिमा. आता माझ्या मैत्रिणीकडे येते. ऑगस्टच्या चाचणीत ती वर्गात पहिल्या तिनांत असायची. घरी काम नसायचं, आईवडील घरी असायचे, संध्याकाळी दिवा लावून अभ्यास व्हायचा.

सप्टेंबर. शिक्षक दिन, गणपती, ८ तारखेला उत्तनला वेलांकणी मातेचा सण. पाऊस ओसरू लागतो, पण मिठागराचं काम लगेच सुरू होत नाही. पावसाळाभर नद्यानाल्यांचं गोडं पाणी खाडीत येत असतं, त्यामुळे खाडीचं पाणी पातळ झालेलं असतं. ते पुरेसं खारट व्हायला वेळ लागतो.

ऑक्टोबर. आपली सहामाही परीक्षा. तिकडे साठलेलं पाणी उपसायचं, फुटलेले बांध चिखलाने लिंपायचे आणि कप्प्यांचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा. तळ कच्चा राहिला तर पाणी खाली मुरतं आणि मिठात माती येते. हे काम घरातली सगळी माणसं करतात. मैत्रिणीच्या हजेरीत पहिली लाल खूण इथे यायची.

नोव्हेंबर. दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू होतं. उधाण आलं की उघाडी उघडून खाडीचं पाणी मोठ्या कप्प्यात घ्यायचं. तिथून ते उन्हात तापत तापत एकातून दुसऱ्या उथळ कप्प्यात सरकवत न्यायचं.

इथे एक गणित घालते. ते आम्हाला विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर घातलं होतं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार मिळून सुमारे ३५ ग्रॅम असतात, त्यातलं खाण्याचं मीठ सुमारे २७ ग्रॅम. एक चौरस मीटरचा कप्पा घ्या आणि त्यात १०० लिटर पाणी भरा, म्हणजे पाणी दहा सेंटिमीटर खोल झालं. त्यात मीठ आहे सुमारे २.७ किलो. पण ते लगेच खाली बसत नाही. आधी चुना, मग जिप्सम बसतं. पाणी आटून मूळच्या दहाव्या भागाइतकं, म्हणजे १० लिटर उरलं, की मग मिठाचा पहिला कण धरतो. म्हणजे ९० लिटर उडून जायला हवं. आपल्याकडच्या चांगल्या उन्हात रोज पाच मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरमागे पाच लिटर पाणी उडतं असं धरलं, तर त्याला १८ दिवस लागतात. प्रत्यक्षात थोडे जास्तच, कारण पाणी जितकं खारट, तितकं ते हळू उडतं.

डिसेंबर. आपलं स्नेहसंमेलन. मिठागरावर शेवटच्या कप्प्यांतलं पाणी तांबूस-गुलाबी दिसू लागतं आणि वाऱ्याच्या बाजूला फेस जमतो. पाणी पिकत आल्याची ही खूण. जाणता माणूस घनतामापक काचेच्या नळीशिवायही ती ओळखतो.

याच महिन्यातली एक तारीख सांगते. ५ डिसेंबर २०१७ ला ओखी वादळामुळे मुंबई आणि ठाणे परिसरातल्या शाळांना सुट्टी जाहीर झाली. मुलं खूश झाली असतील. आता आपल्या त्याच चौरस मीटरच्या कप्प्यात त्या दिवशी समजा १० मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे १० लिटर गोडं पाणी आलं. ते उडायला दोन दिवस, एवढंच नुकसान वाटतं. पण एक लिटर गोडं पाणी सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळवतं. दहा लिटर पाणी साडेतीन किलो विरघळवेल, आणि अठरा-वीस दिवस राबून आपल्या कप्प्यात तयार होणार होतं २.७ किलो. म्हणजे दहा मिलिमीटरची एक सर सगळं पुसून टाकू शकते. शहराला तो पाऊस आठवतही नसेल.

जानेवारी. ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती, मग २६ जानेवारीची कवायत. मिठागरावर लाकडी फावड्यांनी मीठ ओढायला सुरुवात होते. ऊन चढायच्या आत पहाटे काम करायचं. आपली सकाळची शाळा तर सातला भरायची.

फेब्रुवारी. २७ ला मराठी भाषा गौरव दिन, दहावीची पूर्वपरीक्षा. मीठ काढून झालं की कप्प्यात उरलेलं पाणी वेळेवर सोडून द्यावं लागतं. त्यात मॅग्नेशियमचे क्षार उरलेले असतात. लोभाने ते ठेवलं तर मीठ कडू होतं आणि ओलं राहतं. मग व्यापारी भाव पाडतो.

मार्च आणि एप्रिल. बोर्डाची परीक्षा, मग वार्षिक परीक्षा. आणि मिठागराचा भर हंगाम. वर्षभराची कमाई याच आठवड्यांत होते, म्हणून घरातला प्रत्येक हात लागतो. माझ्या मैत्रिणीचे ऑगस्टमधले पंच्याऐंशी टक्के एप्रिलमध्ये पंचावन्नावर यायचे. दरवर्षी. "सुरुवातीला हुशार असते, पुढे लक्ष लागत नाही," असं तिच्याबद्दल बोललं जायचं.

विज्ञानाच्या बाईंनी मात्र गुणपत्रकांची वही उघडून चार वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. तिच्यासारखीच आणखी सहा मुलं निघाली. सगळी मिठागरावरची. सगळ्यांचा आलेख ऑक्टोबरला वाकायचा आणि एप्रिलला तळाला जायचा. त्यांचं लक्ष उडत नव्हतं. मे महिन्याची सुट्टी आणि मार्चच्या परीक्षा ज्या वर्षाला धरून आहेत, ते त्यांच्या घराचं वर्ष नव्हतं, एवढंच. त्यांचा मोकळा काळ जुलै ते सप्टेंबर होता, आणि तेव्हा परीक्षेला वजनच नव्हतं.

बाईंना बोर्डाचं वेळापत्रक बदलता येत नव्हतं. त्यांनी एवढंच केलं की दहावीच्या वर्षी या सात जणांचा विज्ञान-गणिताचा पूर्ण अभ्यासक्रम जुलै ते सप्टेंबरमध्ये, शाळा सुटल्यावर रोज एक तास बसवून संपवला. दिवाळीनंतर फक्त उजळणी, तीही दुपारी, मीठ ओढून झाल्यावर. सातपैकी पाच पहिल्याच प्रयत्नात पास झाली. दोन राहिली, त्यातला एक ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटला, एकाने शाळा सोडली. पाचांतली एक आज आपल्यासमोर बसली आहे आणि ती स्वतः गणित शिकवते.

मे. १ तारखेला महाराष्ट्र दिन आणि निकाल. मिठागरावर उरलेले ढीग गवताने शाकारायचे, कारण वळिवाचा भरवसा नसतो. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा उघड्या ढिगांचं काय झालं असेल, ते वरच्या गणितावरून तुम्हीच काढू शकता.

आज ही मिठागरं बहुतेक थांबली आहेत. देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातेत होतं. तिथे पाऊस कमी, हंगाम लांब, त्यांच्या भावाशी आपल्याला टिकता आलं नाही. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास असलेलं आपलं शहर २०११ मध्ये आठ लाखांवर गेलं. शाळेत आता मिठागरावरची मुलं नाहीत. पण उत्तनच्या होडीवरचा मुलगा आहे, बिगारी कामावर गाव बदलणाऱ्या आईबापांची मुलगी आहे, गणपतीत महिनाभर कारखान्यात मूर्ती रंगवणारा मुलगा आहे. त्यांचीही वर्षं आपल्या वर्षाशेजारी चालू आहेत.

गुरुजनांना माजी विद्यार्थ्यांच्या वतीने एक वस्तू देते आहोत. ती साधी वही आहे, प्रत्येक वर्गासाठी एक. उभे बारा रकाने, जून ते मे. आडव्या ओळीत मुलाचं नाव. प्रत्येक रकान्यात दोन गोष्टी लिहायच्या: त्या महिन्यातली हजेरी आणि त्या महिन्यात घरी काय काम असतं. दुसरी गोष्ट मुलालाच विचारायची. वर्षाच्या शेवटी वही पुढच्या वर्गशिक्षकांकडे द्यायची. एका वर्षाच्या आकड्यांवरून काही ठरवू नका, कारण आजारपण, लग्नकार्य यानेही आलेख वाकतो. पण तीन वर्षं तोच महिना खाली दिसला, तर त्या मुलाला रागावण्याआधी शेजारचा रकाना वाचा.

सात महिन्यांचे रकाने सरले आहेत. सोमवारी शाळा भरली की जानेवारीपासून सुरुवात करता येईल.