नॉमिनी लावला, पण ईमेलचं काय?



मी बँकेत अधिकारी आहे. बदल्या होत होत सध्या इंदूरच्या एका शाखेत आहे आणि खातेदार गेल्यानंतर घरचे जे दावे घेऊन येतात, ते माझ्या टेबलावर येतात. नॉमिनी नेमा, हे तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. आज मला सांगायचं आहे ते नॉमिनी नेमूनही गाडी कुठे अडते त्याबद्दल. ती अडते गेलेल्या माणसाच्या ईमेलपाशी.

एक प्रसंग सांगते. साठीच्या एक बाई आल्या. यजमान महिन्यापूर्वी वारले होते. आमच्याकडे त्यांचं बचत खातं होतं आणि 2 लाखांची एक मुदत ठेव. दोन्हींवर बाईंचं नाव नॉमिनी म्हणून होतं. मृत्यूचा दाखला, दाव्याचा अर्ज आणि बाईंची ओळखीची कागदपत्रं, एवढ्यावर काम झालं. कागद पूर्ण असले तर असा दावा बँकेने 15 दिवसांत निकाली काढायचा असतो, तसा तो निघाला. निघताना बाई म्हणाल्या, "मॅडम, ह्यांनी आणखी दोन-तीन ठिकाणी पैसे ठेवले होते. सगळं मोबाइलवरच यायचं. तो आता उघडत नाही."

पूर्वी असं झालं की घरचे कपाट उघडायचे. पासबुकं, ठेवीच्या पावत्या, विम्याची पॉलिसी, सगळं एका पिशवीत सापडायचं. आता ऑनलाइन केलेल्या ठेवीची कागदी पावती घरी येत नाही. म्युच्युअल फंडाचं विवरण मेलवर, विम्याच्या हप्त्याची पावती मेलवर. त्या दुसऱ्या बँकेतही बाईंचं नाव नॉमिनी म्हणून असेल. पण खातेदार गेला हे त्या बँकेला कळतच नाही आणि बँक आपण होऊन नॉमिनीला शोधत येत नाही. दावा नॉमिनीने करायचा असतो. त्यासाठी पैसे कुठे आहेत हे तिला माहीत हवं.

आम्ही त्यांना यजमानांच्या खात्याचा मागच्या तीन वर्षांचा उतारा काढून दिला आणि एकेक ओळ वाचायला बसलो. दर महिन्याच्या 5 तारखेला 2,000 रुपये एका फंडाकडे जात होते. दर ऑगस्टमध्ये 14,600 रुपये विमा कंपनीकडे. आणि दोन वर्षांपूर्वी एकदाच 1,50,000 रुपये दुसऱ्या एका बँकेत गेले होते. तीच ती ठेव. या तीन धाग्यांवरून तीन दावे उभे राहिले, पण त्यात चार महिने गेले. जे पैसे आमच्या खात्यातून गेलेच नसतील, त्यांचा पत्ता या उताऱ्यावरून लागणार नाही.

असे पैसे बुडत नाहीत. 10 वर्षं कोणी मागणी केली नाही की बँक ते रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते, आणि त्यानंतरही वारस त्याच बँकेमार्फत ते मागू शकतात. शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये उद्गम नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. पण ते अशा दावा न झालेल्या जुन्या रकमांसाठी आहे. दोन वर्षांपूर्वीची ठेव तिथे दिसत नाही. तोवर विधवेने काय करायचं?

म्हणून ईमेललाही एक वारसदार नेमून ठेवायचा. आपल्याकडे बहुतेकांचा मेल जीमेलवर असतो, तेव्हा गूगलचीच सोय नीट समजून घेऊ. तिचं नाव आहे Inactive Account Manager. मी माझ्या वडिलांच्या शेजारी बसून त्यांच्याच फोनवर ती लावली. पंधरा मिनिटं लागली.

आधी ब्राउझरमध्ये myaccount.google.com/inactive हा पत्ता टाका आणि सुरुवात करा. पहिला प्रश्न येतो की किती दिवस खातं वापरलं गेलं नाही म्हणजे ते बंद पडलं असं धरायचं. 3, 6, 12 किंवा 18 महिने असे पर्याय असतात. बाबा रोज फोन वापरतात, म्हणून आम्ही 3 महिने निवडले. भिऊ नका. तुम्ही दवाखान्यात असाल किंवा मुलाकडे परदेशी गेला असाल, तर मुदत संपण्याआधी गूगल तुम्हालाच एसएमएस आणि मेल पाठवून विचारतं. त्यासाठी तुमचा चालू मोबाइल नंबर तिथे द्यावा लागतो.

दुसऱ्या पायरीत माणूस निवडायचा. जास्तीत जास्त 10 जणांना नेमता येतं, पण एक-दोन पुरेत. त्या माणसाचा ईमेल आणि त्याचा मोबाइल नंबर द्यायचा. मग त्याला काय काय मिळावं ते ठरवायचं. इथे मेल, फोटो, ड्राइव्ह अशी यादी येते आणि प्रत्येकापुढे चौकोन असतो. बाबांनी माझ्यासाठी मेल आणि ड्राइव्हवर खूण केली आणि फोटो आईसाठी ठेवले. सगळं सगळ्यांना द्यायलाच हवं असं नाही.

शेवटी विचारतात की नंतर खातं पुसून टाकायचं का. होय म्हटलंत, तर पुसण्याआधी तुमच्या माणसाला उतरवून घ्यायला 3 महिने मिळतात.

आता हे प्रत्यक्षात कसं घडतं ते तारखांनी पाहू. समजा, एखाद्याने 10 जानेवारीला शेवटचं खातं वापरलं आणि मुदत 3 महिन्यांची आहे. 10 एप्रिलच्या सुमारास त्याच्या मुलीला गूगलकडून मेल येईल. तिच्या मोबाइलवर आलेला आकडा टाकून ती स्वतःची ओळख पटवेल आणि वडिलांचा मेल तिला उतरवून घेता येईल. त्यासाठी तिच्या हाती 10 जुलैपर्यंतचा वेळ आहे. तिला पासवर्ड मिळत नाही, वडिलांच्या नावाने मेल पाठवता येत नाही. मिळते ती फक्त प्रत. मेलची ही प्रत .mbox नावाच्या फाइलमध्ये येते. ती फोनवर सहज उघडत नाही. संगणकावर थंडरबर्डसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडावी लागते. मग "ठेव", "पॉलिसी", "फोलिओ" असे शब्द, इंग्रजीतही, टाकून शोधलं की कुठे काय आहे ते समोर येतं.

या सोयीत दोन ठिकाणी हमखास चूक होते.

पहिली चूक फोनची. आमच्या शेजारच्या घरी आजोबांनी हे सगळं व्यवस्थित लावलं होतं. ते गेल्यावर पाच महिने झाले तरी मुलाला मेल येईना. कारण साधं होतं. आजोबांचा अँड्रॉइड फोन घरात चालूच होता आणि नातू त्यावर व्हिडिओ बघत होता. फोन चालू आहे, त्यावर गूगलचं तेच खातं आहे, म्हणजे माणूस आहे असंच गूगल धरतं आणि 3 महिन्यांची मोजणी सुरूच होत नाही. मुलाने फोन बंद करून ठेवला, तेव्हा कुठे ती सुरू झाली. तेव्हा घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेवा. नंबर चालू ठेवायचा असेल तर सिम काढून साध्या फोनमध्ये घाला, पण तो फोन बंदच राहू द्या.

दुसरी चूक नंबरची. तुम्ही नेमलेल्या माणसाला आज गूगल काहीही कळवत नाही. त्याला पहिला मेल येतो तो सगळं झाल्यावर. मधल्या काळात त्याने मोबाइल नंबर बदलला, तर ओळख पटवणारा आकडा भलत्याकडे जाईल. म्हणून नेमल्याचं त्याला तोंडी सांगा आणि वर्षातून एकदा, आयकर विवरण भरताना, त्याचा नंबर आणि मेल तोच आहे ना ते पाहून घ्या.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी सोय निराळी आहे. Settings मध्ये आपल्या नावावर जाऊन Sign-In & Security आणि त्यात Legacy Contact. जास्तीत जास्त 5 जण नेमता येतात. इथे थांबण्याची मुदत नाही. नेमताना एक किल्ली, म्हणजे एक लांबलचक संकेत तयार होतो. ती किल्ली आणि मृत्यूचा दाखला दोन्ही दिले की ॲपल खातं उघडून देतं. मंजुरीनंतर 3 वर्षांनी ते कायमचं पुसलं जातं. साठवलेले पासवर्ड आणि कार्डाची माहिती मात्र वारसदाराला मिळत नाही. ती किल्ली छापून ठेवीच्या पावत्यांबरोबर ठेवा. मेल जीमेलवर असेल, तर आयफोनवाल्यांनाही गूगलची सोय वेगळी लावावी लागेल.

मला नेहमी विचारतात, "एवढं कशाला? पासवर्ड वहीत लिहून ठेवला की झालं." नाही होत. नवीन ठिकाणाहून उघडायला गेलं की गूगल फोनवर आकडा पाठवतं, आणि फोनच कुलूपबंद असतो. शिवाय वहीतल्या पासवर्डमागोमाग एटीएमची पिन येते. खातेदार गेल्यावर त्याच्या पिनने किंवा यूपीआयने पैसे काढू नका, तेरावं करायलासुद्धा नाही. उद्या दुसऱ्या वारसाने विचारलं, की काढणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो.

आणि एक फरक लक्षात असू द्या. ईमेलचा वारसदार पैसे कुठे आहेत ते शोधतो. ते बँकेतून घेतो नॉमिनी, आणि नॉमिनीही ते कायदेशीर वारसांच्या वतीने सांभाळत असतो. मेल मुलीच्या हाती आला म्हणून ठेव तिची होत नाही, आणि नॉमिनी पत्नी आहे म्हणून मेल तिला उघडत नाही. दोन्ही नावं लावलेली असायला हवीत.

त्या बाई परवा पुन्हा आल्या होत्या, स्वतःच्या ठेवीवर नॉमिनी म्हणून मुलीचं नाव लावायला. अर्ज भरून झाल्यावर त्यांनी पिशवीतून फोन काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "ते मेलचंही दाखवा. मुलगी बाहेर बसलीय, तिलाही आत बोलावते."