परीक्षेआधीचे दोन दिवस आणि मधल्या दोन रात्री

(मोशी येथे आयटीआयच्या मुलांना अभ्यासात मदत करणाऱ्या मंडळीतील सभासदांसमोर केलेले भाषण)



आंबेगाव, जुन्नर, अकोले भागांतली आपली ठाकर आणि महादेव कोळी समाजाची मुलं मोशीत खोल्या करून राहतात. कोणी आयटीआयला आहे, कोणी चाकणला कामही करतो. वर्षअखेरीची परीक्षा आली की तुमच्यापैकी बरेच जण त्यांना घरी अभ्यासाला बोलावता. प्रॅक्टिकलची मला फारशी चिंता नसते, कारण आपल्या मुलांचा हात चांगला आहे. अडतं ते थिअरीत. थिअरीचा पेपर संगणकावर असतो, प्रत्येक प्रश्नाला पर्याय दिलेले असतात, आणि तो सुटला नाही तर राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात येत नाही. मग मुलगा कारागीर असूनही ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून राहतो. म्हणून आज फक्त शेवटच्या दोन दिवसांबद्दल बोलतो.

या दोन दिवसांत मुलं काय करतात ते तुम्ही पाहिलेलंच आहे. वही उघडायची, पहिल्या पानापासून वाचायचं, संपली की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटतं आणि मुलगा म्हणतो, "दादा, हे येतं मला." ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात चेहरा ओळखतो पण नाव आठवत नाही, तसंच हे.

याची चांगली परीक्षा 2006 साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी घेतली. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा वाचायला दिला. मग काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी तो न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. पण दोन दिवसांनी विचारलं तेव्हा चित्र उलटलं. लिहून काढणाऱ्यांना सुमारे 68 टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना सुमारे 54 टक्के. आपल्या मुलाचा पेपरही दोन दिवसांनीच आहे, पाच मिनिटांनी नाही.

आता हे आपल्या फिटरच्या मुलावर लावून बघू. समजा पेपर सोमवारी सकाळी आहे. शनिवारी सकाळी त्याला मोजमापाची साधनं हा एकच विषय द्या. वही बंद, समोर कोरा कागद. व्हर्नियर कॅलिपर आणि मायक्रोमीटरबद्दल जे आठवेल ते वीस-पंचवीस मिनिटं लिही म्हणावं. मग वही उघडून चुकलेलं आणि सुटलेलं लाल पेनाने दुरुस्त करायचं. दहा मिनिटं बाहेर फिरून यायचं, नंतर पुढचा विषय.

इथे नेहमी होणारी चूक सांगतो. व्हर्नियरचा लीस्ट काउंट 0.02 मि.मी. की 0.01? नुसतं वाचलेल्या मुलाला पर्यायात दोन्ही आकडे ओळखीचे दिसतात आणि तो अडकतो. म्हणून आकडा विचारू नका, तो काढायला लावा. आपल्या नेहमीच्या व्हर्नियरवर मुख्य पट्टीच्या 49 मिलिमीटरमध्ये 50 भाग असतात. म्हणजे एक भाग 0.98 मि.मी. एकातून तो वजा केला की 0.02 उरतात. मायक्रोमीटरचा स्क्रू एका फेऱ्यात 0.5 मि.मी. सरकतो आणि थिंबलवर 50 भाग असतात, म्हणून 0.01. कागदावर स्वतः एकदा काढलं की ते सहसा उलटसुलट होत नाही. ड्रिलचा 118 अंशाचा कोन मात्र असा काढता येत नाही. तो पाठच करावा लागतो आणि दर फेरीला पुन्हा विचारावा लागतो.

शनिवारी असे चार-पाच विषय पुरेत. संध्याकाळी अर्धा तास फक्त लाल खुणा बघायच्या, आणि साडेदहाला झोप.

झोपेचं ऐकून आपल्यातली ज्येष्ठ मंडळी नाराज होतात, मला माहीत आहे. आपण सगळे रात्र जागून शिकलेले. पण दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. 2016 साली फ्रान्समध्ये स्टेफनी माझा आणि सहकाऱ्यांनी लोकांना अनोळखी स्वाहिली भाषेतले 16 शब्द पाठ करायला दिले. एका गटाने ते सकाळी केले आणि त्याच संध्याकाळी उजळले. दुसऱ्याने संध्याकाळी केले, झोप घेतली आणि सकाळी उजळले. मधलं अंतर दोघांचं बारा तासच. पण झोपून उठलेल्यांना सगळे शब्द परत बसवायला जवळजवळ निम्मीच मेहनत लागली, आणि आठवड्यानंतरही त्यांनाच जास्त आठवत होतं.

म्हणून रविवारी सकाळी नवीन धडा उघडायचा नाही. आधी शनिवारच्या लाल खुणा, वही बंद ठेवूनच. त्यातल्या बऱ्याच आता पटकन येतात. ज्या येत नाहीत तेवढ्याच एका चिठ्ठीवर लिहायच्या. दिवसभर तीन-चार छोट्या बैठका त्या चिठ्ठीवर आणि उरलेल्या विषयांवर. संध्याकाळी शेवटचे वीस मिनिटं चिठ्ठी, मग हॉल तिकीट आणि ओळखपत्र पिशवीत, आणि झोप. सोमवारी सकाळी चिठ्ठी एकदा बघितली की बास.

जे वर्षभरात समजलंच नाही ते झोपेने समजत नाही, हेही स्पष्ट सांगतो. एखादा मोठा भाग कोराच राहिला असेल तर तो शनिवारी सकाळी थोडा घ्यावा किंवा सोडून द्यावा, रविवारी रात्री नाही. वर्कशॉप कॅल्क्युलेशनची गणितं आठवून लिहिण्याने होत नाहीत, ती सोडवावीच लागतात. मुलगा एकच ओळ तिसऱ्यांदा वाचू लागला की बैठक संपली असं समजा, त्याला उठवा. काळजीने एखादी रात्र नीट झोप लागली नाही तर घाबरवू नका. दिवा बंद करून पडून राहू द्या, घड्याळ बघू देऊ नका.

आता तुमच्याशी दोन शब्द. प्रेमाने रात्री अकराला चहा करून देता ना, तो या दोन दिवसांत दुपारी चारनंतर बंद करा. चहातलं कॅफिन पाच तासांनी जेमतेम निम्मं उतरतं. रविवारी रात्री मुलासाठी प्रार्थना अवश्य करा, पण ती नऊच्या आत आटोपा आणि त्याला घरी सोडा. पुढे जागून आपण केलेली चालेल, त्याने जागायला नको.

खोलीची अडचण मात्र खरी आहे. एका खोलीत पाच जण, तिघांच्या तीन शिफ्ट, रात्री साडेबाराला एक येतो आणि पत्र्याचं दार वाजतं. जो मुलगा स्वतः रात्रपाळी करतो त्याची झोप तर दिवसाच होणार. त्याने आधीच सुपरवायझरला सांगून त्या दोन रात्रींची पाळी बदलून घ्यावी. नाही जमलं तर कामावरून आल्यावर आधी झोप, अभ्यास उठल्यावर. ज्यांच्या घरी एक जादा खोली किंवा शांत गच्ची आहे त्यांनी सभेनंतर माझ्याकडे नाव द्यावं. अभ्यासाला जागा आपल्याकडे पुष्कळ झाली, या वेळी मला त्या दोन रात्रींसाठी मुलांना झोपायला जागा हवी आहे. गादी नको, मुलं सतरंजी घेऊन येतील.