‘योग्य वाटले नाही’ म्हणजे काय?
(कार्यकर्ता प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



आजचा विषय रुक्ष आहे, हे मला ठाऊक आहे. निवड समितीच्या बैठकीचे इतिवृत्त कसे लिहावे, त्यातही अर्जांची छाननी करून मुलाखतीला कोणाला बोलवायचे आणि कोणाला नाही, याची कारणे कशी नोंदवावीत, एवढेच मला सांगायचे आहे. गेली अनेक वर्षे निरनिराळ्या संस्थांच्या निवड समित्यांवर सचिव म्हणून बसल्यामुळे अशी इतिवृत्ते मी खूप वाचली आहेत आणि लिहिलीही आहेत. मुलाखतीत अन्याय झाला तर निदान उमेदवार समोर बसलेला असतो, त्याला दोन शब्द बोलता येतात. छाननीत मात्र तो नसतो. तिथे त्याच्या बाजूने बोलणारा एकच, तो म्हणजे त्याचा अर्ज.

बहुतेक इतिवृत्तांत काय लिहिलेले असते? “एकूण १७ अर्ज आले. समितीने सर्व अर्जांचा साकल्याने विचार केला. पाच उमेदवारांना मुलाखतीस बोलावण्याचे ठरले. उर्वरित उमेदवार योग्य वाटले नाहीत.” खाली सह्या. यातून काहीच कळत नाही. बारा जणांना का वगळले, हे सहा महिन्यांनी कोणी विचारले, तर समितीतल्या तिघांना तीन वेगळी कारणे आठवतात.

आपण एक उदाहरण घेऊ. ते मी समजावण्यासाठी रचले आहे, पण त्यातले प्रसंग तुम्हाला ओळखीचे वाटतील. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात मुलींचे वसतिगृह आहे आणि निवासी अधीक्षिका नेमायची आहे. जाहिरातीत तीन आवश्यक अटी आहेत : कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी, शाळेत किंवा मुलांच्या निवासी संस्थेत ३१ मेपर्यंत किमान दोन वर्षांचे काम, आणि वसतिगृहात राहण्याची तयारी. भिली किंवा पावरी येत असल्यास प्राधान्य, असेही छापले आहे. सतरा अर्ज आले आहेत आणि पाच जणींना बोलवायचे आहे.

पहिले काम अर्जांचा गठ्ठा सोडण्याआधीचे आहे. जाहिरातीतल्या या अटी इतिवृत्ताच्या पहिल्या पानावर शब्दशः उतरवून घ्यायच्या. वेळ, ठिकाण, उपस्थित सदस्य, आलेले अर्ज, मुदतीनंतर आलेले अर्ज ही माहिती त्याखाली. मग अर्जांना क्रमांक द्यायचे आणि तक्त्यात नावाऐवजी क्रमांकच वापरायचा. अटी आधी लिहिल्या की नंतर सुचलेली अट लगेच उघडी पडते. अर्ज वाचता वाचता एखादा सदस्य म्हणतो, “संगणक येणारी असती तर बरे.” बरे झाले असते खरे, पण ते जाहिरातीत नाही. म्हणून त्या कारणाने कोणाला वगळता येत नाही.

आता अर्ज क्रमांक ४ पाहा. बाई पदवीधर आहे, पावरी बोलते, अर्ज नेटका आहे. आश्रमशाळेतले काम मात्र २२ महिन्यांचे आहे. सगळ्यांचे मत पडते, “दोनच महिने कमी आहेत, घेऊन टाकू.” इथे सचिवाने पेन खाली ठेवून विचारायचे, “क्रमांक १३ चे काय करायचे?” कारण क्रमांक १३ चे काम २० महिन्यांचे आहे आणि दहा मिनिटांपूर्वी तिला याच कारणाने बाजूला ठेवले आहे. एकीची उणीव माफ आणि दुसरीची तीच उणीव दोष, असे लिहिता येत नाही.

मग दोघींनाही घ्यायचे का? त्यातही अडचण आहे. आंध्र प्रदेशातल्या विजयनगरम जिल्ह्यातील समाजकल्याण निवासी शाळा चालवणाऱ्या संस्थेचे असेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. जाहिरातीत पदव्युत्तर पदवी द्वितीय श्रेणीत हवी होती आणि निवड झालेल्या शिक्षिकेची श्रेणी तिसरी होती. १९९० साली न्यायालयाने सांगितले, की हा प्रश्न नेमणारी संस्था आणि नेमलेली व्यक्ती एवढ्यांपुरताच नसतो. जाहिरात वाचून ‘आपण यात बसत नाही’ म्हणून ज्यांनी अर्जच केला नाही, त्या सगळ्यांवरही अन्याय होतो. आपल्या उदाहरणात, वीस-बावीस महिने काम केलेली एखादी मुलगी तोरणमाळला किंवा अक्कलकुव्याला जाहिरात वाचून गप्प बसली असेल. अट शिथिल करायचीच असेल तर नवी अट छापून पुन्हा अर्ज मागवावेत, आणि तसा निर्णय इतिवृत्तात लिहावा.

क्रमांक ४ ची नोंद अशी होईल : “अट २ अपूर्ण. अर्जासोबतच्या दाखल्यानुसार ३१ मे रोजी काम २२ महिने. आवश्यक २४ महिने. बोलावू नये.” क्रमांक १३ ची नोंदही याच शब्दांत, फक्त आकडा वेगळा. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी हव्यात : कोणती अट, अर्जात त्याविषयी काय दिसते आणि त्यावरून काय ठरले. ‘अनुभव अपुरा’ ही नोंद नव्हे, कारण कितीला अपुरा आणि कशावरून ते त्यात नाही.

क्रमांक ७ चा अर्ज एका पाड्यावरून आला आहे. अक्षर वाकडे आहे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत, पदवी मुक्त विद्यापीठाची आहे. एक सदस्य म्हणतो, “भाषा कच्ची आहे, पदवीही बाहेरून केलेली.” नोंद लिहायला बसलो की लक्षात येते, की यातले एकही कारण तक्त्यात बसत नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे, म्हणून अट १ पूर्ण. निवासी विद्यालयातल्या तीन वर्षांच्या कामाचा दाखला जोडला आहे, अट २ पूर्ण. राहण्याची तयारी लिहिली आहे, अट ३ पूर्ण. पावरी तर मातृभाषाच. न छापलेल्या कसोट्या लावल्या की सर्वांत आधी ज्या मुली गळतात, त्या याच. आणि वसतिगृहात रात्री ताप आलेल्या पहिलीतल्या मुलीशी तिच्या बोलीत बोलणारीही हीच असते.

क्रमांक ११ विषयी कोणी म्हणते, “तिला लहान मूल आहे, राहणे जमायचे नाही.” हे आपले अनुमान आहे. अर्जात तिने राहण्याची तयारी लिहिली आहे, म्हणून नोंद ‘अट ३ पूर्ण’ अशीच होते. वसतिगृहात राहण्याविषयीचे प्रश्न मुलाखतीत विचारायचे असतील, तर ते सर्वांना सारखेच विचारावेत.

असे करता सतरांपैकी एक अर्ज मुदतीनंतरचा निघाला, नऊ जणींची एखादी आवश्यक अट अपूर्ण राहिली आणि सात जणी उरल्या. सातांना बोलावणे शक्य असेल तर सातही बोलवाव्यात. पाचच बोलवायच्या असतील, तर जाहिरातीत छापलेले प्राधान्य लावायचे. सातांपैकी पाच जणींनी भिली किंवा पावरी येते असे लिहिले आहे, त्या पाच. उरलेल्या दोघींच्या नोंदीत ‘अपात्र’ हा शब्द येऊ नये. “सर्व आवश्यक अटी पूर्ण, प्राधान्याच्या निकषावर पहिल्या पाचांत नाही,” असे लिहावे. त्या पात्र आहेत, आणि पुढे जागा निघाली तर ही नोंद कामाला येते.

नात्यागोत्याचाही प्रश्न असतो. आपल्या भागात सगळे सगळ्यांचे काहीतरी लागतात. सदस्याची भाची अर्जदार असेल आणि तिचा अर्ज आला की तो बाहेर जाऊन उभा राहिला, तर ते पुरे होते का? जम्मू-काश्मीरमध्ये भारतीय वनसेवेसाठी निवड करणाऱ्या मंडळावर असे घडले होते. तिथले कार्यवाहक मुख्य वनसंरक्षक सदस्यही होते आणि स्वतः उमेदवारही. त्यांच्या नावाचा विचार झाला तेव्हा ते बैठकीत नव्हते, पण प्रतिस्पर्ध्यांचा विचार झाला तेव्हा होते. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. आपल्यासाठी बोध असा, की भाचीला पुढे नेण्यासाठी तिच्याविषयी बोलावेच लागते असे नाही, बाकीच्यांना मागे ठेवले तरी पुरते. म्हणून अशा सदस्याने त्या पदाच्या पूर्ण छाननीतून दूर व्हावे आणि ते कारणासह पहिल्याच पानावर नोंदवावे.

शेवटची गोष्ट वेळेची. इतिवृत्त त्याच दिवशी, उठण्यापूर्वी पूर्ण करावे. पानांना क्रमांक, प्रत्येक पानावर सर्वांच्या सह्या. खोडायचे झाल्यास एकच रेघ आणि शेजारी आद्याक्षरे. कोणाचे मत वेगळे असेल तर तेही कारणासह लिहावे. फिरोजपूर लोकसभा मतदारसंघाच्या फेरमतदानाच्या खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व सांगितले : आदेशाची पारख त्यात लिहिलेल्या कारणांवरूनच होते, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडता येत नाहीत. हे निकाल शासनाच्या किंवा शासनाशी जोडलेल्या संस्थांविषयीचे आहेत. प्रत्येक खासगी न्यासाला ते जसेच्या तसे लागू होतील असे नाही. पण अनुदानाचे पद असेल तर प्रश्न विचारला जाणारच, आणि तेव्हा बैठकीनंतर सुचलेल्या कारणावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

इतिवृत्त जमले की नाही, हे पाहण्याची माझी एक रीत आहे. बैठकीला नसलेल्या एखाद्या जबाबदार कार्यकर्त्याच्या हाती अटींचे पान आणि तीन-चार अर्ज द्यावेत, आपल्या नोंदी झाकून ठेवाव्यात. त्याचा निर्णय आपल्यासारखाच आला तर नोंद पक्की. वेगळा आला, तर आपल्या मनात असलेली एखादी कसोटी कागदावर आलेली नाही किंवा कागदावरची कसोटी आपण पाळलेली नाही, असे समजावे. कार्यालयाची पत्रे सुटण्यापूर्वी ही तपासणी करावी, म्हणजे दुरुस्तीला वाव राहतो. दुरुस्ती झालीच, तर तीही त्या दिवसाची तारीख घालून, समितीच्या सह्यांनिशी.

मग क्रमांक ४ ची बाई एखाद्या दिवशी कार्यालयात येऊन विचारते, “साहेब, मला का नाही बोलावले?” तेव्हा कारकुनालाही सांगता येते, “ताई, ३१ मेपर्यंत चोवीस महिने हवे होते, तुमच्या दाखल्यावर बावीस आहेत. पुढच्या जाहिरातीला अर्ज करा.” तिला वाईट वाटेल. पण उत्तर खरे आहे की नाही, हे तिला स्वतःच्या दाखल्यावरून मोजून पाहता येईल.