चार्जिंग चालू असता मोबाईलवर खेळणे



चैत्र-वैशाखात महाड-पोलादपूरकडे दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. अशा वेळी मुलगा फोन चार्जरला लावून दोन तास गेम खेळत असतो. फोन तापला की "चार्जर खराब आहे" असे आपण म्हणतो. उष्णतेचे खरे कारण बहुधा वेगळे असते.

समजा, बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची आहे. तिच्यात साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. मोठा गेम सुमारे ४ वॉट खातो, म्हणजे दोन तासांत ८ वॉट-तास. चार्जर १८ वॉटचा असेल, तर त्यातील काही वीज गेमला जाते आणि उरलेली बॅटरीत शिरते. प्रोसेसर तापतो तो निराळा, आणि बॅटरी भरताना जी उष्णता होते ती निराळी. दोन्ही एकाच पातळ पेटीत कोंडल्या जातात. लिथियम बॅटरी ४५ अंशांपुढे चार्ज करू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणून तापलेला फोन स्वतःच चार्जिंग मंद करतो. मग चार्जर लावलेला असूनही टक्के वाढत नाहीत. उष्णता आणि भरगच्च चार्ज ही जोडी बॅटरीला सर्वांत वाईट. आतील रसायने झिजतात आणि धारणशक्ती कायमची घटते.

यावर काही फोनांत एक सोय असते: 'बायपास चार्जिंग'. ती चालू केली की चार्जरची वीज बॅटरीला वळसा घालून थेट फोनला मिळते. बॅटरी भरतही नाही, रिकामीही होत नाही. सॅमसंगच्या काही फोनांत ती गेम बूस्टरमध्ये "Pause USB Power Delivery" या नावाने सापडते; तिला पीडी पद्धतीचा चार्जर लागतो. इन्फिनिक्सच्या काही फोनांत तिचे नाव "Bypass Charging" असेच आहे. सगळ्याच फोनांत ती नसते, हे घेतेवेळी दुकानदाराला विचारून घ्यावे.

ती खरोखर चालते का, हे घरीच पाहता येते. बॅटरी साठ टक्क्यांवर असताना सोय चालू करा आणि अर्धा तास खेळू द्या. आकडा साठवरच राहिला तर काम नीट चालले आहे. हळूहळू उतरला तर चार्जर दुबळा आहे, आणि कमी पडणारी वीज बॅटरी पुरवत आहे. शंभर टक्क्यांवर मात्र ती चालू करू नका. भरलेली बॅटरी तशीच तापत राहील, आणि मग साधले काय?

प्रोसेसरची उष्णता बायपासने जात नाही. जाड कव्हर काढावे, फोन गादीवर ठेवू नये, स्क्रीनचा उजेड कमी करावा. ज्यांच्या फोनात ही सोय नाही त्यांनी आधी चार्ज करावे, पिन काढावी आणि मग खेळावे. मागचे झाकण उचलले गेले किंवा स्क्रीन कडेने सुटू लागली, तर बॅटरी फुगली असे समजावे. मग फोन दाबू नये, टोचू नये, चार्जरलाही लावू नये. बंद करून दुरुस्तीवाल्याकडे न्यावा.