शेवेच्या पाकिटातली ऊर्जा

शेवेचं पाकीट उलटून पाहा. समजा, 100 ग्रॅममध्ये कर्बोदकं 40, स्निग्ध पदार्थ 40 आणि प्रथिनं 15 ग्रॅम आहेत. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅममागे 4 किलोकॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ मात्र 9. म्हणजे 160, 60 आणि 360, एकूण 580. निम्म्याहून जास्त ऊर्जा एकट्या तेलाची!

परदेशी पाकिटावर किलोज्यूलचा आकडा दिसतो, तो मोठा असतो म्हणून दचकू नका. किलोकॅलरीला 4.184 ने गुणलं की किलोज्यूल मिळतात. इथे साधारण 2427. साखर कर्बोदकांतच धरलेली असते, ती पुन्हा मिळवू नका. आणि हो, हा हिशेब 100 ग्रॅमचा. 30 ग्रॅमचं पाकीट संपवलंत, तर 174 किलोकॅलरी.